खोदकामाच्या इंग्रजी सेफ्टी ब्रीफिंगमधून कामगारांना कळतील असे मराठी हुकूम कसे काढायचे?

प्रश्न: सोलापूरच्या हद्दवाढ भागात ड्रेनेज लाइनचं काम चालू आहे, सेफ्टी माझ्याकडे आहे. खोदकामाची दोन पानी इंग्रजी ब्रीफिंग हातात दिली आणि "रोज सकाळी मराठीत सांगा" म्हणाले. निम्मे कामगार लातूर-नांदेडचे, निम्मे कलबुर्गी-विजयपूरकडचे. ऑफिसनं केलेलं भाषांतर वाचलं तर सगळे नुसते बघत राहतात. छोट्या, स्पष्ट सूचना कशा करू?

उत्तर:

भाषांतराला बसण्याआधी पेन्सिल घ्या आणि इंग्रजीतल्या प्रत्येक वाक्यापुढं लिहा की हे काम नेमकं कुणी करायचं आहे: इंजिनिअरनं, सुपरवायझरनं, जेसीबीवाल्यानं की चारीत उतरणाऱ्या बिगाऱ्यानं. असल्या ब्रीफिंगमध्ये चौघांची कामं एकाच सुरात लिहिलेली असतात. "बाजूंना आधार द्यावा", "भूमिगत वाहिन्यांची खात्री करावी", "मातीचा प्रकार तपासावा" ही वाक्यं बिगाऱ्याला कितीही सोप्या मराठीत सांगितली तरी त्याच्या हातात त्यातलं काही नसतं. फळ्या-बल्ल्या मागवणं त्याचं काम नाही. ती नसतील तर न उतरणं एवढंच त्याचं काम. अशी छाटणी केली की दोन पानांतून सात-आठ ओळी उरतात आणि तेवढ्याच मराठीत आणायच्या असतात. बाकीचं तुमच्या तपासणीच्या कागदावर जातं. सकाळच्या बोलण्यात ते आणूच नका.

आता एक परिच्छेद धरून बघू. ऑफिसचं भाषांतर साधारण असं असणार:

"१.५ मीटरपेक्षा अधिक खोलीच्या कोणत्याही उत्खननामध्ये पुरेसे आधारकाम अथवा उतार उपलब्ध नसल्यास, तसेच सक्षम व्यक्तीमार्फत तपासणी झाल्याशिवाय, कामगारांनी प्रवेश करू नये. उत्खनित साहित्य काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल त्या अंतराच्या आत ठेवण्यात येऊ नये."

यात चूक काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला शेवटच्या "नये"पर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. "नसल्यास", "झाल्याशिवाय" आणि "नये" अशी तीन नकारांची गाठ आहे. ती सोडवायची युक्ती अशी की जे आधी घडतं ते आधी सांगायचं आणि प्रत्येक वाक्यात एकच काम ठेवायचं. "तपासणी झाल्याशिवाय प्रवेश नाही" याचं "आधी साहेब चारी बघतील. ते 'उतरा' म्हणाले की उतरायचं." होतं. "साहेब" म्हणजे कोण हे मात्र नाव घेऊन, बोट दाखवून सांगा. "सक्षम व्यक्ती" कुणालाच दिसत नाही, त्यामुळं तिची वाट कुणी बघत नाही. आणि तो माणूस जेवायला गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही तिथंच सांगून टाका.

दीड मीटर हा आकडा साइटवर कुणी वापरत नाही. फुटात सांगा, म्हणजे पाच फूट. त्याहून बरं म्हणजे अंगावर दाखवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांत दोन टप्पे आहेत: १.२ मीटर, म्हणजे चार फुटांपासून पुढं चारीला शिडी हवी, आणि १.५ मीटरपासून पुढं बाजूंना उतार किंवा लाकडी आधार हवा. चार फूट म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची छाती. पाच फूट त्याच्या हनुवटीच्या आसपास येतात, पण हुकुमात "खांद्याइतकी" म्हणा. अंगाची मापं माणसागणिक बदलतात, म्हणून नेहमी खालची खूण निवडायची. चुकलं तर माणूस लवकर थांबेल, उशिरा नाही. बायका कामावर असतील आणि उंचीनं कमी असतील तरी चूक सुरक्षित बाजूलाच पडते. शंका नको असेल तर एका बांबूला चार आणि पाच फुटांवर लाल पट्टे मारून तो चारीजवळ ठेवा. पण बांबू हरवतो, छाती हरवत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. पाच फुटांच्या आत सगळं ठीक, असा अर्थ कामगाराच्या मनात जाऊ देऊ नका. पाइपचा जोड बसवायला माणूस उकिडवा बसला की चार फुटांच्या चारीतही त्याचं डोकं काठाच्या खाली जातं. पूर्वी उकरून भरलेली माती असेल, म्हणजे शेजारून जुनी पाण्याची लाइन गेली असेल, तर ती बाजू ढिली असते आणि कमी खोलीतही सुटते. तिथं खोलीचा आकडा न बघता आधार लावायचा निर्णय इंजिनिअरचा. कामगारासाठी त्यातून एकच वाक्य उरतं: "साहेबांनी 'उतरा' म्हटल्यावरच उतरायचं."

मातीच्या ढिगाचं वाक्य तर हिशेबाचं कोडं आहे. "दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, जे जास्त असेल ते." हे गणित तुम्ही करून टाका, कामगारावर सोडू नका. चारी आठ फूट खोल असेल तर निम्मे चार फूट होतात, म्हणजे पाच फूट हेच जास्त. खोली दहा फूट होईपर्यंत उत्तर पाच फूटच राहतं. तुमची लाइन दहा फुटांच्या आत असेल तर "जे जास्त असेल ते" हा तुकडाच उडाला. सकाळी काठापासून पाच फुटांवर फक्कीची रेष मारा आणि हुकूम एवढाच ठेवा: "माती फक्कीच्या बाहेर टाकायची." त्याला कारणाची छोटी शेपटी जोडा: "आत टाकली की काठ तुटतो." एक घनमीटर माती, म्हणजे मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग, साधारण दीड टन भरतो. तेवढं वजन काठावर बसलं तर बाजू आत ढकलली जाते, आणि वरचे दगड घरंगळून खालच्याच्या डोक्यात येतात ते वेगळंच.

इथं बिघडतं ते असं. फक्की दुपारपर्यंत पायांनी पुसली जाते, किंवा जेसीबीवाला पहिल्याच बकेटला ती मातीखाली गाडतो. म्हणून रेष रोज नव्यानं मारायची, आणि जेसीबीवाल्याला हुकूम वेगळा, समोर उभं राहून द्यायचा. शहरातल्या जुन्या पेठांमध्ये दुसरी अडचण येते: बोळच इतका अरुंद की काठापासून पाच फूट जागाच नाही. तिथं "फक्कीच्या बाहेर टाकायची" हे वाक्य कार्डावर ठेवूच नका. माती थेट ट्रॅक्टरमध्ये भरायची आणि हुकूमही तसाच द्यायचा: "माती ट्रॅक्टरमध्ये. काठावर नाही." जो हुकूम पाळणंच शक्य नाही तो रोज सकाळी वाचून दाखवला, की त्याच्या खालचे पाळता येण्यासारखे हुकूमही लोक कानाआड करतात.

सोलापूरच्या काळ्या मातीसाठी एक ओळ तुम्हाला स्वतःच घालावी लागेल, कारण बाहेरून आलेल्या छापील ब्रीफिंगमध्ये ती बहुतेक नसते. एप्रिल-मे महिन्यात ही माती वाळून कडक होते. खोदली की बाजू सरळ उभी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, हिला कशाला आधार हवा? पण आक्रसताना तिला उभ्या भेगा पडलेल्या असतात. काठापासून थोडं मागं, काठाला समांतर अशी भेग असेल तर तेवढी अख्खी बाजूच सुटून पडते. ती भुगा होऊन हळूहळू येत नाही, सावध व्हायला वेळ देत नाही. त्यात पहिला पाऊस किंवा एखादी गळकी पाइपलाइन या भेगांत पाणी सोडते, माती फुगते, मऊ पडते आणि काल उभी असलेली बाजू आज उभी राहत नाही. कामगारासाठी याचं वाक्य: "काठाला भेग दिसली, पाणी दिसलं, माती गळाली की लगेच वर या. मग सांगा." क्रम मुद्दाम तसा आहे. "सांगा" आधी ठेवलं तर माणूस चारीत उभा राहूनच हाक मारत बसतो.

आता क्रियापदाचं रूप. सरकारी पाटीवरचं "करू नये", "करण्यात यावे" हे कुणालाच उद्देशून नसतं. साइटवर मुकादम बोलतो ते "शिडीनंच उतरायचं", "काठावर बसायचं नाही" असं, आणि कायमच्या नियमाला हेच रूप चांगलं बसतं. वयानं मोठ्या गवंड्यालाही ते उर्मट वाटत नाही, बाया-माणसांना एकच चालतं, आणि आज-उद्या-परवा लागू आहे हे त्यातूनच कळतं. आत्ता, या क्षणी करायचं असेल तिथं "वर या", "थांबा", "बाजूला व्हा". ही दोन रूपं मिसळू नका. कायमच्या नियमाला पहिलं, काही दिसलं की लगेच करायच्या कामाला दुसरं.

ओरडून द्यायच्या हुकुमात नकार ठेवूच नका. मराठीत "नका" शेवटी येतो. शेजारी जेसीबी चालू असेल तर "उतरू नका" यातलं "उतरू" ऐकू जातं आणि "नका" इंजिनच्या आवाजात बुडतं. म्हणून ओरडायचं ते "थांब!" किंवा "वर!" एवढंच. इथं आदरार्थी बोलत बसायचं कारण नाही, आणि हे आधीच सर्वांना सांगून ठेवा म्हणजे कुणी मनाला लावून घेत नाही. आपल्याकडं हुकमाला "की" जोडायची सवय आहे, तीही या दोन शब्दांपुरती सोडा. "थांब की" म्हटलं की ती विनवणी होते.

तुमच्याकडं कानडी बोलणारे निम्मे आहेत, म्हणून ओरडायच्या शब्दाची आणखी एक गोम. कानडीत "मेले" म्हणजे वर, "मेले बा" म्हणजे वर ये. चारीवरून एक जण सोबत्याला "मेले, मेले" ओरडला तर लातूरचा माणूस काय समजेल आणि कुठं धावेल, सांगायला नको. उलट घाईत मराठी "वर" कानडी माणसाला कळेलच याची खात्री नाही. म्हणून बाहेर काढायला शब्दावर विसंबू नका, शिट्टी ठेवा. एक लांब शिट्टी म्हणजे सगळे वर. या एका अर्थाशिवाय शिट्टी वाजवायची नाही. चहाला बोलवायला तर मुळीच नाही. ती चारीवर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या गळ्यात असायला हवी, ऑफिसच्या खोक्यात नाही.

शिडीचं वाक्य सोपं आहे, तरी त्यात दोन मापं लपलेली असतात. शिडी तळाला टेकून काठाच्या वर तीन फूट यायला हवी, नाहीतर वर येणाऱ्याला शेवटच्या पायरीवर धरायला काही नसतं आणि तो काठाच्या मातीला हात घालतो. अंगाच्या मापात हे "कमरेइतकी" होतं. अंतराचा नियम तीस मीटरला एक शिडी असा आहे. पण कामगार मीटर मोजणार नाही, म्हणून शिडी गटाला बांधा: "जिथं आपला गट, तिथं आपली शिडी." गट तीस मीटरपेक्षा जास्त पसरलेला असेल तर दुसरी शिडी लावायचं काम तुमचं.

केबलबद्दल फार लांबण नको. खोदताना वाळूचा थर, विटांची किंवा फरशांची ओळ, किंवा प्लॅस्टिकची पट्टी लागली तर खाली केबल असण्याची शक्यता मोठी. "वाळू, विटांची ओळ, पट्टी लागली की कुदळ थांबवा." या वस्तू हातात धरून दाखवता येतात, तर दाखवाच.

नवी लाइन जुन्या चेंबरला जोडायची वेळ येईल तेव्हासाठी एक वाक्य वेगळं ठेवा: "चालू ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कुणी उतरायचं नाही." याला "मास्क घालून" किंवा "दोरी बांधून" असली पुरवणी जोडू नका. आतल्या वायूचं मोजमाप, हवा खेळवणं, वरून काढायची सोय हे सगळं छोट्या हुकुमात मावणारं काम नाही, आणि अर्धवट हुकूम इथं परवानगीसारखा ऐकला जातो.

इंग्रजीतला आपत्कालीन भाग बहुधा सगळ्यात लांब असतो आणि मराठीत तो सगळ्यात छोटा व्हायला हवा. बाजू कोसळून माणूस अडकला की सोबती पहिल्यांदा आत उडी मारतात, आणि उरलेली बाजू त्यांच्यावर येते. दुसरा जेसीबीवाल्याला "काढ, काढ" म्हणतो, पण बकेटच्या दातांना मातीखालचा माणूस दिसत नाही, आणि मशिनच्या वजनानं काठ आणखी सुटतो. छातीइतकी माती दाबून बसली तर तोंड उघडं असूनही श्वास घेता येत नाही, त्यामुळं वेळ अगदी थोडा असतो आणि म्हणूनच हुकूम आधी पाठ हवेत: "आत उडी मारायची नाही. मशिन बंद. १०८ आणि ११२ ला फोन." फोन करणाऱ्याला पत्ता सांगता येत नाही ही नेहमीची अडचण आहे. नांदेडहून आलेल्या माणसाला होटगी रोड कुठला आणि विजापूर रोड कुठला हे कसं ठाऊक असणार? जवळची ठळक खूण घालून पूर्ण पत्ता एका वाक्यात बोर्डावर लिहा, म्हणजे फोनवर नुसतं वाचलं तरी भागेल. लाइन पुढं सरकली की तो पत्ता बदलायला विसरू नका.

एवढं झाल्यावर तुमचं कार्ड असं दिसेल:

आधी साहेब चारी बघतील. "उतरा" म्हणाले की उतरायचं.
छातीइतकी चारी झाली की शिडी लावायची. शिडी काठाच्या वर कमरेइतकी.
खांद्याइतकी चारी झाली की फळ्या-बल्ल्या बघायच्या. नसतील तर उतरायचं नाही.
माती फक्कीच्या बाहेर टाकायची. आत टाकली की काठ तुटतो.
भेग, पाणी, गळणारी माती दिसली की वर या. मग सांगा.
वाळू, विटांची ओळ, पट्टी लागली की कुदळ थांबवा.
एक लांब शिट्टी: सगळे वर.
माणूस अडकला: आत उडी नाही. मशिन बंद. १०८, ११२.

बाजूंना उतार दिलेला असेल तर तिसरी ओळ त्या दिवसापुरती काढा. नाहीतर फळ्या नसताना तुम्हीच माणसं उतरवताय असं दिसेल.

हे आठही रोज वाचू नका. शिट्टी आणि शेवटची ओळ रोज, बाकीच्यांतल्या त्या दिवशीच्या कामाच्या दोन-तीन. पाच मिनिटांत संपवा, आणि जमेल तर चारीजवळ उभे राहून सांगा. शिडीचं वाक्य म्हणताना शिडीला हात लावलेला असला की निम्मी भाषा वाचते.

कळलं की नाही हे "कळलं का?" विचारून समजत नाही, कारण त्याला सगळे "हो साहेब" म्हणतात. त्याऐवजी एकाला म्हणा, "आज माती कुठं टाकणार? दाखवा." दुसऱ्याला, "काठाला भेग दिसली, मी इथंच उभा आहे. आधी काय करणार?" तो "तुम्हाला सांगणार" म्हणाला तर ओळ नीट पोचलेली नाही, त्याच्या तोंडी "वर येणार" आधी आलं पाहिजे. कानडीसाठी मराठी येणाऱ्या एकाला ओळ कानडीत सांगायला लावा, आणि ती ऐकलेल्या तिसऱ्याला काय समजलं ते दुसऱ्या दुभाषाकडून परत मराठीत ऐका. "फक्कीच्या बाहेर" जाऊन "फक्कीपर्यंत" झालं असेल तर ते इथंच पकडता येतं. सोलापुरात दोन्ही भाषा येणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. फक्त तो मुकादमच नसावा, त्याच्यासमोर माणसं "कळलं नाही" असं कबूल करत नाहीत.

पाइप टाकून झाला आणि भराव सुरू झाला की कार्ड बदला. बल्ल्या दुसऱ्या तुकड्याला हव्या असतात म्हणून घाईनं वरपासून खालपर्यंत एकदम काढल्या जातात, आणि बाजू तेव्हाच बसते. त्या दिवसाची ओळ: "एकदम सगळं काढायचं नाही. खालची बल्ली काढायची, माती भरायची, दाबायची, मग वरची."